स्किटमधलं कॅरेक्टर नक्की कोणी केलं हे कसं तपासायचं?

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या गणपतीत मराठी कॉमेडी शोवर क्विझ घ्यायचंय. हास्यजत्रा, चला हवा येऊ द्या, फू बाई फू यातलं कुठलं कॅरेक्टर कोणी केलं हे नेटवर दहा ठिकाणी दहा प्रकारे लिहिलंय. कोणी उठून वाद घातला तर दाखवायला काहीतरी पुरावा पाहिजे. खात्री कशी करायची?

एपिसोड बघायचा. क्लिप नाही, पूर्ण एपिसोड. माझं अर्ध उत्तर एवढंच आहे, बाकीचं अर्ध म्हणजे एपिसोडमध्ये नेमकं कुठे बघायचं आणि काय बघून फसायचं नाही ते. मी बरीच वर्षं मनोरंजनाच्या पानाचं काम बघतोय, म्हणजे कोणीतरी लिहून दिलेल्या मजकुरातली नावं तपासणं हाच माझा धंदा, आणि सगळ्यात जास्त घोळ मी कॉमेडी शोच्या मजकुरातच बघितलाय. मालिकांच्या नाही, सिनेमांच्या तर अजिबातच नाही.

त्याचं कारण सोपं आहे. मालिकेत एक माणूस दोन-तीन वर्षं एकच भूमिका करतो, रोज दिसतो, पेपरात त्याच्या नावापुढे भूमिकेचं नाव छापून येतं, प्रश्नच मिटला. स्किटच्या कार्यक्रमात तोच माणूस सोमवारी सासरा असतो, मंगळवारी इन्स्पेक्टर असतो आणि बुधवारी साडी नेसून येतो. शेवटी जी श्रेयनामावली वर सरकत जाते तिच्यात कलाकार म्हणून सगळ्यांची नावं एकाखाली एक असतात, कोणी कोणाचं काम केलं ते त्यात सहसा नसतंच. त्यामुळे क्रेडिट्सवरून तुम्हाला एवढंच कळतं की हा माणूस या कार्यक्रमात होता. अमुक कॅरेक्टर त्यानेच केलं हे त्यातून सिद्ध होत नाही. मग नेटवर जे तक्ते दिसतात, एका बाजूला कलाकार आणि दुसऱ्या बाजूला भूमिका, ते कुठून आले? तर कोणीतरी आठवणीतून भरलेत. आयएमडीबीवर पण या कार्यक्रमांची माहिती बरीचशी लोकांनीच भरलेली असते, विकिपीडियावर तर असतेच. आठवणीतून भरलेलं सगळं चुकीचं असतं असं नाही, पण तुमच्याशी वाद घालणारा माणूसही आठवणीतूनच बोलणार आहे ना, मग त्याच्या आठवणीपेक्षा तुमच्या तक्त्याचं वजन जास्त का धरायचं?

आता तपासायला बसायच्या आधी एक गोष्ट डोक्यात क्लिअर करून घ्या, कारण निम्मे वाद इथूनच सुरू होतात. लोक ज्याला "कॅरेक्टर" म्हणतात त्यात खरं तर तीन-चार वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. नम्रता संभेराव करते ती लॉली, हे कॅरेक्टर. तिला नाव आहे, ठरलेला पोशाख आहे, बोलायची एक पद्धत आहे आणि ती पुन्हा पुन्हा येते. गौरव मोरेला म्हणतात फिल्टरपाड्याचा बच्चन, हे कॅरेक्टर नाही, ही त्याची स्वतःची ओळख आहे, पवईच्या फिल्टरपाड्यातला आहे म्हणून. स्किटमध्ये तो चोर असो नाहीतर नवरदेव, फिल्टरपाड्याचा बच्चन तो आहेच. अरुण कदमांचं दादूस तर मधेच कुठेतरी लटकतं, आगरी भाषेतल्या भूमिकांमुळे ते नाव त्यांना इतकं चिकटलंय की लोक त्यांनाच दादूस म्हणतात. आणि मग प्राजक्ता माळीचं "वाह दादा वाह", ते कुठल्याच कॅरेक्टरचं नाही, ती सूत्रसंचालक म्हणून म्हणते. क्विझमध्ये "फिल्टरपाड्याचा बच्चन हे पात्र कोणी साकारलं" असं विचारलंत तर उत्तर बरोबर येऊनही प्रश्न चुकीचाच राहील, आणि मागच्या रांगेतला एखादा जाणकार ते बरोबर पकडेल.

हास्यजत्रेत अजून एक गंमत आहे. बऱ्याच स्किटमध्ये पात्राला कलाकाराचंच नाव असतं, म्हणजे पृथ्वीक हा पृथ्वीकच असतो. तिथे कोणी कोणाचं काम केलं हा प्रश्नच उडतो, असे प्रश्न घेऊ नका.

नावांचा गोंधळ हा वेगळाच विषय आहे. एका हास्यजत्रेत मोरे किती बघा, गौरव मोरे, प्रभाकर मोरे, दत्तू मोरे. ओंकार दोन, भोजने आणि राऊत. प्रसाद दोन, त्यातले ओक परीक्षकाच्या खुर्चीत आणि खांडेकर स्टेजवर. पडद्यामागे सचिन पण दोन, गोस्वामी आणि मोटे. इकडे अरुण कदम तर तिकडे चला हवा येऊ द्यामध्ये भाऊ कदम. कोणीतरी लिहितं "मोरेंचं ते स्किट", दुसरा त्यात आपल्या मनाने गौरव घालतो, तिसरा तेच कॉपी करतो आणि महिन्याभरात ते नेटवर "सगळीकडे" असतं. उलटा प्रकार पण होतो, माणूस एकच आणि नावं दोन. भाऊ कदम आणि भालचंद्र कदम एकच. पॅडी कांबळे आणि पंढरीनाथ कांबळे एकच. नम्रता संभेराव आधीच्या कामांमध्ये नम्रता आवटे म्हणून सापडेल, त्यामुळे जुन्या यादीत "संभेराव" शोधून नाही मिळालं म्हणजे ती त्यात नव्हती असं धरू नका.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो, म्हणजे पद्धत कळेल. समजा कोणी तुम्हाला प्रश्न लिहून दिला की "शालू झोका दे गो मैना यावर नाचणारा हास्यजत्रेतला कलाकार कोण" आणि पुढे उत्तर लिहिलंय गौरव मोरे. तुम्हाला शंका आली. आता काय?

पहिलं काम, कार्यक्रम आणि काळ पक्का करायचा. जी क्लिप मिळाली असेल तिच्या कोपऱ्यात चॅनेलचा लोगो बघा. सोनी मराठीचा लोगो असेल तर ती क्लिप ऑगस्ट 2018 च्या आधीची असूच शकत नाही, कारण चॅनेलच तेव्हा सुरू झालं. ईटीव्ही मराठीचा लोगो असेल तर ते 2015 किंवा त्याच्या आधीचं, कारण त्या वर्षी त्याचं कलर्स मराठी झालं. अल्फा मराठी दिसलं तर अजून मागे जा, झी मराठीचं ते आधीचं नाव. या लोगोवरून जेवढं कळतं तेवढं क्लिपच्या खाली लिहिलेल्या तारखेवरून कळत नाही, कारण ती अपलोडची तारीख असते, प्रक्षेपणाची नव्हे. आणि लोगो कापलेला असेल, चित्र आरशासारखं उलटं केलेलं असेल, कडेने रंगीत चौकट लावली असेल, तर ती क्लिप कोणीतरी उचलून पुन्हा टाकलेली आहे हे ओळखा आणि तिच्या नावावर काडीचाही विश्वास ठेवू नका. अशा लोकांना व्ह्यूज पाहिजे असतात, त्या आठवड्यात जो कलाकार गाजतोय त्याचं नाव ते बिनधास्त टाकतात, मग तो त्या स्किटमध्ये असो वा नसो.

दुसरं काम, तेच स्किट चॅनेलच्या स्वतःच्या यूट्यूब पानावर शोधा. आख्ख्या यूट्यूबवर नाही, त्या चॅनेलच्या पानावर जे शोधायचं भिंग असतं त्यात. तिथे मिळालं की त्याखालचं वर्णन वाचा, बऱ्याचदा कलाकारांची नावं असतात. पण लक्षात ठेवा, ते वर्णन अनेकदा सगळ्या एपिसोडना सारखंच चिकटवलेलं असतं, पूर्ण टीमची यादी. ती यादी म्हणजे परत क्रेडिट्सच झाली, कार्यक्रमात कोण आहे एवढंच सांगणारी.

तिसरं काम खरं महत्त्वाचं, आणि लोक नेमकं तेच टाळतात कारण त्याला वेळ लागतो. सोनी लिव्हवर तो पूर्ण एपिसोड लावा आणि स्किट संपल्यावर बंद करू नका. स्किट संपलं की कलाकार ओळीत उभे राहतात आणि प्रसाद ओक, सई ताम्हणकर त्यांच्याशी बोलतात. इथे ते बहुतेक वेळा नाव घेऊन बोलतात, कोणाचा पंच कसा बसला, कोणाची एंट्री कशी झाली. समोरचा माणूस अजून त्याच कपड्यात, त्याच मेकअपमध्ये उभा असतो आणि त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली जाते. यापेक्षा चांगला पुरावा तुम्हाला कुठे मिळणार नाही. पोशाख, चेहरा आणि नाव एकाच फ्रेममध्ये, ते पण त्याच्या सहकाऱ्याच्या तोंडून. छोट्या क्लिपमध्ये हाच भाग कापलेला असतो, म्हणून मी सुरुवातीलाच म्हटलं की क्लिप नको. स्किटच्या आधी सूत्रसंचालक कोणाला स्टेजवर बोलावतोय ते पण ऐका. फू बाई फूमध्ये तर जोड्यांची स्पर्धा असायची, त्यामुळे जोडीचं नाव घेऊनच बोलावलं जायचं, ते फारच सोयीचं.

तर शालूच्या बाबतीत तुम्ही हे सगळं केलंत की दिसेल ते प्रभाकर मोरे आहेत. गौरव नाही. आणि एकदा नाव हातात आलं की चौथं काम सोपं असतं, ते नाव दुसऱ्या स्वतंत्र जागेवरून पडताळून घ्यायचं, म्हणजे प्रभाकर मोऱ्यांच्या एखाद्या मुलाखतीत ते स्वतः शालूबद्दल बोलतायत का ते बघायचं. स्वतंत्र हा शब्द मी मुद्दाम वापरला. पाच वेबसाईटवर एकच वाक्य त्याच चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घासकट दिसलं तर ते पाच पुरावे नाहीत, एकच आहे आणि तो चार वेळा उचललाय. विकिपीडियावरचं वाक्य असेल तर "इतिहास पहा" वर जाऊन ते कधी घातलं गेलं ते बघा आणि मग बातमीची तारीख बघा. बरेचदा कोणीतरी विकिपीडियावर टाकतं, बातमीवाले तिथून घेतात आणि मग विकिपीडियावर त्याच बातमीचा संदर्भ देऊन ते वाक्य "सिद्ध" केलं जातं. साप स्वतःचीच शेपटी गिळत बसतो.

मेकअप जड असेल तर चेहऱ्यावर भरवसा ठेवू नका. पुरुषांनी केलेल्या बायकांच्या भूमिकांमध्ये हा प्रॉब्लेम जास्त येतो. चला हवा येऊ द्यामध्ये भाऊ कदमांची शांताबाई तर सगळ्यांना ओळखू येते, ते उभे राहिले तरी लोक हसतात, पण सागर कारंडेनेही तिथे बायकांची कामं भरपूर केलीत, कुशल बद्रिकेनेही केलीत, आणि साडी, विग, लाल लिपस्टिक आणि लांबून काढलेला स्क्रीनशॉट असला की माणूस पटकन चुकतो. अशा वेळी डोळे मिटून आवाज ऐका. विग बदलतो, आवाजाची पट्टी आणि वाक्य तोडायची लकब सहसा बदलत नाही. शंका राहिली तर त्याच माणसाचं बिनमेकअपचं पाच मिनिटांचं बोलणं लावा आणि पुन्हा स्किट लावा. फक्त याला शेवटचा पुरावा समजू नका, हा नाव सुचवण्यापुरता उपयोगी आहे, पक्कं करायला परत नाव घेतलेली जागाच शोधायची. चला हवा येऊ द्यामध्ये परीक्षकांची टिप्पणी सहसा नसायची, पण निलेश साबळे स्टेजवरच्यांशी सतत नावानं बोलायचे, शिवाय ही मंडळी स्किट चालू असतानाच एकमेकांची खरी नावं घेऊन टोमणे मारायची, तिथे कान द्यायचा.

आता काळाचा मुद्दा, कारण गेल्या तीन-चार वर्षांत यावरून भयंकर घोळ झालाय. कलाकार एका कार्यक्रमातून दुसऱ्यात गेले. ओंकार भोजने 2022 मध्ये हास्यजत्रा सोडून झी मराठीच्या नव्याने आलेल्या फू बाई फूमध्ये गेला. गौरव मोरे 2024 मध्ये हास्यजत्रेतून बाहेर पडून सोनीच्या हिंदी कार्यक्रमात गेला. चला हवा येऊ द्या, जे 2014 च्या ऑगस्टपासून निलेश साबळे करत होते, ते मार्च 2024 मध्ये बंद झालं, साबळे आणि भाऊ कदम लगेच एप्रिलमध्ये कलर्स मराठीवर नवा कार्यक्रम घेऊन आले, ओंकार भोजने पण त्यात. मग जुलै 2025 मध्ये झीने चला हवा येऊ द्या परत आणलं, सूत्रसंचालनाला अभिजीत खांडकेकर, आणि कलाकारांमध्ये कोण, तर गौरव मोरे.

म्हणजे बघा, "गौरव मोरे चला हवा येऊ द्यामध्ये होता" हे वाक्य 2023 मध्ये कोणी लिहिलं असेल तर साफ चूक आणि आज लिहिलं तर बरोबर. वाक्य तेच. म्हणून प्रश्नात साल किंवा पर्व टाकल्याशिवाय अशा गोष्टी विचारू नका. "चला हवा येऊ द्याचे सूत्रसंचालक कोण" याला आता दोन बरोबर उत्तरं आहेत, आणि तुम्ही एकच बरोबर धरलंत तर भांडण ठरलेलं.

यातच अजून एक खुबी. साबळे चला हवा येऊ द्यामध्ये कायम म्हणायचे "हसताय ना? हसायलाच पाहिजे!" आणि कलर्सवरच्या त्यांच्या नव्या कार्यक्रमाचं नावच तेच ठेवलं, हसताय ना? हसायलाच पाहिजे! त्यामुळे एखाद्या क्लिपमध्ये हे वाक्य ऐकलं म्हणून ती चला हवा येऊ द्याची असेलच असं नाही. लोगो कापला असेल तर स्टेजवर कोण कोण आहे ते बघा. साबळे आणि भाऊ कदम दोन्हीकडे आहेत, त्यांच्यावरून काही कळणार नाही. पण त्यांच्याबरोबर श्रेया बुगडे, भारत गणेशपुरे असले तर झीचा जुना काळ, आणि ओंकार भोजने असला तर कलर्स. कॅचफ्रेज माणसाबरोबर चॅनेल बदलते, सेट बदलत नाही. झीचा तो सेट म्हणजे थुकरटवाडी, ते नाव कुठे ऐकू आलं तर प्रश्नच मिटला.

गंगूबाईचं सांगतो, कारण हा प्रश्न प्रत्येक क्विझमध्ये कोणीतरी घालतोच. "गंगूबाई हे विनोदी पात्र कोणी गाजवलं?" मराठी घरातला पन्नाशीचा माणूस क्षणात सांगेल निर्मिती सावंत, कुमारी गंगूबाई नॉनमॅट्रिक, आणि त्याचं बरोबर आहे. पंचविशीतली पोरगी सांगेल सलोनी दैनी, ती छोटी मुलगी, आणि तिचंही बरोबर आहे, कारण 2008 मध्ये कलर्सवरच्या हिंदी छोटे मियाँमध्ये सलोनीने गंगूबाई नावाचंच कॅरेक्टर केलं आणि स्पर्धा जिंकली, नंतर हिंदी कॉमेडी शोमध्ये तेच घेऊन फिरली. दोन वेगळी पात्रं, दोन भाषा, एक बाई मोठी आणि एक चिमुरडी, नाव तेवढं सारखं. आता गूगलवर नुसतं "गंगूबाई" टाकून बघा, तिसरीच समोर येईल, आलिया भट्टवाली, तिचा विनोदाशी संबंधच नाही. याचा निकाल कोण खरी यावर लावायचा नसतो. नावापुढे कार्यक्रम लिहायचा की झालं. "कुमारी गंगूबाई नॉनमॅट्रिकमधली गंगूबाई" असं विचारलं की उत्तर एकच उरतं. शोधताना पण तसंच करा, पात्राचं नाव एकटं कधी टाकू नका, पात्र, कार्यक्रम आणि चॅनेल तिन्ही टाका. मराठीत टाइप करून एकदा आणि रोमन लिपीत एकदा शोधा, कारण अपलोड करणारे कधी असं लिहितात कधी तसं, आणि "चौघुले" सारखं आडनाव रोमनमध्ये लोक चार प्रकारे लिहितात.

पोस्टमनवर थोडं जास्त लिहितो, कारण तिथे चूक वेगळ्या जातीची आहे. चला हवा येऊ द्यामध्ये पोस्टमन यायचा, हसत-खेळत चाललेला कार्यक्रम एकदम शांत व्हायचा आणि तो एक पत्र वाचायचा, कधी शेतकऱ्याचं, कधी आईचं, आणि आलेले पाहुणे डोळे पुसायचे. पोस्टमन कोणी केला? सागर कारंडे. यात वाद नाही, कुठलाही जुना एपिसोड लावून खात्री करता येईल. पण ती पत्रं व्हॉट्सअॅपवर फिरतात तेव्हा खाली लिहिलेलं असतं "सागर कारंडेंचं पत्र", आणि काही दिवसांनी कोणाच्या तरी स्क्रिप्टमध्ये येतं "सागर कारंडे यांनी लिहिलेलं". पत्रं लिहिली अरविंद जगतापांनी. सागरने वाचली, अप्रतिम वाचली, पण लेखक जगताप. प्रेक्षकाला हे समोर दिसतच नाही ना, त्याला खाकी कपड्यातला माणूस दिसतो आणि आवाज ऐकू येतो, त्यामुळे तो शब्द पण त्याच्याच खात्यात जमा करतो. आणि पत्र असल्यामुळे तर जास्तच, पत्र वाचणाराच ते बोलतोय असं वाटतं.

तर तुमच्या प्रश्नात "केलं" या क्रियापदाकडे बघा. साकारलं, लिहिलं, दिग्दर्शित केलं, पहिल्यांदा सुचलं, चारही ठिकाणी मराठीत आपण "केलं" म्हणून मोकळे होतो. हास्यजत्रेत हे अजून गुंतागुंतीचं आहे कारण समीर चौघुले, प्रसाद खांडेकर, श्रमेश बेटकर ही माणसं स्टेजवर दिसतात आणि लिहितातही. समोर दिसणारा माणूस स्वतःचंच लिहिलेलं करतोय की दुसऱ्याचं, हे त्याच्याकडे बघून कळत नाही. लेखनासाठी मात्र क्रेडिट्स उपयोगी पडतात बरं का, भूमिकेसाठी ज्यांना मी वर नावं ठेवली तीच. तिथे लेखकाचं नाव लेखक म्हणून येतं. फक्त एका एपिसोडमध्ये तीन-चार स्किट असतील आणि लेखकांची नावं एकत्र आली असतील तर कुठलं कोणाचं हे त्यावरून ठरवू नका, तिथे स्किटच्या सुरुवातीला किंवा नंतरच्या गप्पांमध्ये कोणी लेखकाचं नाव घेतंय का ते ऐका, परीक्षक बरेचदा लेखकालाही दाद देतात.

मुलाखतींबद्दल एक सावधगिरी. कलाकाराने स्वतः "हे कॅरेक्टर मी केलं" म्हटलं तर ते मानायला हरकत नाही, त्यावर कोणी खोटं बोलत नाही. पण "याची सुरुवात अमुक साली झाली", "पहिलं स्किट तमुक बरोबर होतं" असल्या गोष्टींवर मुलाखत हा कच्चा पुरावा आहे. शेकडो स्किट केलेल्या माणसाला पहिलं कुठलं हे आठवत नसतं आणि विचारणारा समोर बसलेला असतो म्हणून तो काहीतरी सांगतो. भूमिका कोणी केली याला मुलाखत चालेल, कधी केली याला एपिसोडच पाहिजे. कार्यक्रमात सुरुवातीपासून असलेल्या माणसाबद्दल पण हेच, विशाखा सुभेदार आणि समीर चौघुले ही जोडी लोकांच्या डोक्यात इतकी घट्ट बसलीय की विशाखाताई 2022 मध्ये हास्यजत्रा सोडून गेल्यानंतरची स्किटंसुद्धा लोक त्यांच्या नावावर खपवतात.

दूरदर्शनच्या काळातलं फार घेऊ नका असं माझं मत. गजरासारख्या कार्यक्रमाचे भाग आज बघायला मिळणं मुश्कील, मग तुमच्याकडे दाखवायला काय राहतं, तर ज्येष्ठांच्या आठवणी. घ्यायचंच असेल तर चिमणराव-गुंड्याभाऊ घ्या. चिं. वि. जोशींची पात्रं, दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ, याचा पुरावा भरपूर आहे, दोघांनीही त्याबद्दल जाहीर बोलून ठेवलंय. पण ती मालिका आहे, स्किट नव्हे, आणि प्रश्नात "दूरदर्शनवरील" हा शब्द टाकायला विसरू नका, कारण ही पात्रं त्याच्या कितीतरी आधी सिनेमात येऊन गेलीत आणि तिथे कलाकार वेगळे होते. हे माहीत असलेला एखादा आजोबा प्रत्येक सोसायटीत असतो.

पुरावा जमवताना प्रत्येक प्रश्नामागे एक ओळ लिहून ठेवा. कार्यक्रम, चॅनेल, एपिसोडची तारीख किंवा क्रमांक, आणि नाव जिथे घेतलं जातं ते मिनिट. शेवटचं सगळ्यात कामाचं, कारण स्टेजवर माईक हातात असताना कोणाला पाऊण तासाचा एपिसोड दाखवणार? मिनिट लिहिलेलं असलं की फोनवर लावून तेवढंच वाक्य ऐकवायचं. लिंक सेव्ह करून ठेवा पण लिंकवर विसंबू नका, यूट्यूबवरचे व्हिडिओ चॅनेलवाले काढतात, नाव बदलतात, त्या वेळी तारीख आणि एपिसोड क्रमांक हाताशी असला तर सोनी लिव्ह किंवा झी५ वर परत सापडतो.

आणि ज्या प्रश्नाला नाव घेतलेली जागा सापडत नाही, फक्त "सगळ्यांना माहितीये" एवढंच आहे, तो प्रश्न यादीतून काढा. या कार्यक्रमांमध्ये प्रश्नांना तोटा नाही. शांताबाई, लॉली, पोस्टमन, शालू, निर्मितीताईंची गंगूबाई, एवढ्यांवरच एक फेरी आरामात निघते. पोस्टमनचा प्रश्न दोन भागात विचारा, वाचणारा कोण आणि लिहिणारा कोण, दोन्ही बरोबर आले तरच पूर्ण मार्क. तिथे बरेच जण अर्ध्यावर अडकतील.